मोसम सुरू झाल्यावरचा खेळ

घरातले मोठे माणूस मोबाइलवर फार वेळ गेम खेळते, ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणारे लोक बहुधा एकच प्रश्न विचारतात. दिवसाला किती तास खेळले म्हणजे ते व्यसन समजायचे? मी दापोलीत समुपदेशनाचे काम करते आणि या प्रश्नामागची कळकळ मला समजते, कारण तासांचा एक आकडा हाती आला तर घरातला वाद तिथेच मिटेल असे विचारणाऱ्याला वाटत असते. मात्र वैद्यकशास्त्राने असा आकडा दिलेलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ती २०१९ साली स्वीकारली आणि जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात गेमिंगचा विकार नोंदवलेला आहे, आणि त्या संपूर्ण वर्णनात तासांची कोणतीही मर्यादा नाही.

त्या वर्णनात तीन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. खेळ कधी सुरू करायचा, किती वेळ खेळायचे आणि कुठे थांबायचे यावरचा ताबा सुटणे ही पहिली. आयुष्यातल्या बाकीच्या आवडी आणि रोजची कामे मागे पडून खेळ सगळ्यांच्या पुढे जाऊन बसणे ही दुसरी. नुकसान डोळ्यांना दिसत असूनही खेळ चालू राहणे किंवा वाढत जाणे ही तिसरी. शिवाय या सगळ्यामुळे घर, नातीगोती, काम यांचे ठळक नुकसान व्हायला हवे, आणि हे चित्र साधारणपणे वर्षभर टिकलेले दिसायला हवे. लक्षणे फार तीव्र असतील तरच त्याहून कमी काळ पुरेसा धरतात. या निदानाला काही संशोधकांनी जाहीर विरोधही केला होता, कारण निखळ आवडीने पुष्कळ खेळणाऱ्या माणसांवर विनाकारण आजाराचा शिक्का बसेल अशी त्यांना भीती होती. मला ती भीती अनाठायी वाटत नाही. पुष्कळ खेळणे आणि खेळाने माणसाला धरून ठेवणे या निराळ्या अवस्था आहेत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्या पुष्कळदा सारख्याच दिसतात.

त्या वेगळ्या कशा ओळखाव्यात, हे आमच्या किनाऱ्यावर वर्षातून एकदा आपोआप दिसते असे मला वाटते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, खलाशी आपापल्या गावी गेलेले असतात, बाहेर पाऊस कोसळत असतो, आणि ज्यांचे पोट बंदरावर अवलंबून आहे अशा कित्येक पुरुषांच्या हातात दोन महिने मोकळे असतात. या काळात कोणी चार-पाच तास गेम खेळला तर त्यावरून मी काहीच निष्कर्ष काढत नाही. रिकामा वेळ कशाने तरी भरतोच. माझे लक्ष ऑगस्टवर असते. काम परत आले की ज्याचा खेळ ओहोटीच्या पाण्यासारखा आपणहून मागे सरकतो, त्याची काळजी करण्याचे कारण नाही. काम परत आले तरी खेळ तेवढाच राहिला, तर तो आता कशाच्या तरी जागेवर बसलेला आहे, आणि ती जागा कोणती हे शोधायला हवे.

माझ्या धाकट्या दिरांच्या बाबतीत ती जागा झोपेची होती. नात्यातल्या माणसाचे समुपदेशन आपण करू नये हा आमच्या कामातला नियम आहे, म्हणून त्यांच्याशी रीतसर बोलण्याचे काम माझ्या एका सहकाऱ्याने केले. मी इथे लिहीत आहे ते वहिनी म्हणून जवळून पाहिलेले आहे आणि त्यांनी स्वतः वाचून लिहायला संमती दिलेले आहे. भावजींचे वय सदतीस आहे. घरची एक नौका हर्णै बंदरात लागते. समुद्रावर थोरले भाऊ, म्हणजे माझे यजमान, जातात आणि किनाऱ्यावरचे सगळे भावजी पाहतात: बर्फ, डिझेल, खलाशांचा शिधा, मासळीचा लिलाव, व्यापाऱ्याकडचा हिशोब आणि बँकेचा हप्ता. ज्या गेमबद्दल हे आहे तो चौघांच्या गटाने खेळायचा, बंदुकांचा, रँक असलेला गेम होता. त्याची एक मॅच शेवटपर्यंत टिकलो तर जवळजवळ अर्धा तास चालते. गटातला एक जण त्यांचा मुंबईत नोकरी करणारा मावसभाऊ होता आणि उरलेले दोघे त्याचे मित्र. ही मंडळी कामावरून घरी पोचून, जेवून रात्री दहाच्या पुढे मोकळी होत, त्यामुळे खेळही तेव्हाच सुरू होई.

बंदीच्या दोन महिन्यांत कोणाचीच तक्रार नव्हती. ऑगस्टमध्ये नौका बाहेर पडू लागल्या आणि पहाटे बंदरावर जाणे आले, तरी रात्रीचा खेळ दीड-दोनपर्यंत चालूच राहिला. प्रौढ माणसाला रात्री निदान सात तास झोप लागते, आणि त्यांना चार-साडेचार तास मिळत होती. पहिले काही आठवडे शरीराने हे सोसले. नंतर एका पहाटे त्यांना जाग आली नाही, बर्फ उशिरा भरला गेला आणि त्या फेरीची मासळी लिलावात नरम म्हणून कमी भावाने गेली. असे पुन्हा घडले, तेव्हा दोन भावांमध्ये बोलाचाली झाली. याच सुमारास गणपती आले. आमच्याकडे रात्रीच्या आरत्या लांबतात आणि भावजी वर्षानुवर्षे भजनात पखवाज वाजवत आलेले. त्या वर्षी मात्र ते आरती अर्ध्यावर सोडून माडीवर जाऊ लागले, कारण गेममध्ये त्या दिवसांत मर्यादित मुदतीची काही खास बक्षिसे ठेवलेली होती. गुरुवारचे भजन तर त्याआधीच सुटले होते. माझ्या जाऊबाईंनी आधी चार्जर लपवून पाहिला, मग घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला. त्याने इतकेच झाले की भावजी मोबाइलचा डेटा वापरून बंदरावर गाडीत बसून खेळू लागले आणि घरात विचारले की "हिशोब करत होतो" असे सांगू लागले.

इथे थांबून या खुणा नीट वेगळ्या करायला हव्यात, कारण घरच्यांना सगळ्याच सारख्या गंभीर वाटतात. दिवसभर मनात खेळाचेच विचार असणे, खेळताना खूप आनंद होणे, आणखी वेळ मिळावा असे वाटणे, एवढ्यावरून विकार ठरत नाही. एखाद्या गोष्टीचे वेड असलेल्या निरोगी माणसातही हे असते. पखवाजाचे वेड होते तेव्हा भावजींची बोटे जेवणाच्या ताटावरही ठेका धरत असत. जास्त बोलक्या खुणा वेगळ्या आहेत. खेळावरून घरात किंवा कामात वारंवार खटके उडणे, खेळ थांबवला की चिडचिड आणि अस्वस्थता येणे, सोडायचा ठरवून पुन्हा त्याच जागी येणे, आणि खेळाच्या वेळेप्रमाणे बाकीचा दिवस बेतला जाणे. भावजींनी गेम फोनमधून काढून टाकला होता आणि तीन दिवसांत परत घेतला होता, हे मला नंतर कळले. खोटे सांगणे ही खूणही मी महत्त्वाची मानते. तिच्यात नीतीचा प्रश्न मी शोधत नाही. ज्याला स्वतःचा खेळ योग्य वाटतो त्याला तो लपवावा लागत नाही, म्हणून खोटे सुरू झाले की माणसाला आतून कळलेले आहे, एवढाच अर्थ मी घेते.

सगळ्यांत जास्त मला लागले ते त्यांचे एक वाक्य. नवरात्राच्या सुमारास एका संध्याकाळी पडवीत आम्ही दोघेच होतो तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, आता खेळून बरं वाटत नाही हो. पण न खेळता राहवतही नाही."

मी त्यांना विचारले, "भावजी, कोणत्या वेळचा खेळ बरा वाटत नाही? सगळाच, की काही?"

ते बराच वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, "हे असं कधी बघितलंच नाही."

सुरुवात तिथून झाली. माझ्या सहकाऱ्याने पहिले दोन आठवडे त्यांना खेळ कमी करायला सांगितलाच नाही, फक्त लिहायला सांगितले. डिझेलच्या हिशोबाची वही उलटी करून तिच्या मागच्या पानांवर त्यांनी पाच रकाने आखले: खेळ किती वाजता सुरू केला, किती मॅच झाल्या, सुरू करण्याच्या जरा आधी काय घडले होते, थांबलो तेव्हा कसे वाटत होते, आणि झोपलो कधी. आधी मोजून घेण्याचे कारण असे की माणूस आपल्या खेळाचा अंदाज जवळजवळ नेहमी चुकीचा सांगतो, आणि घरचे लोकही रागाच्या भरात तो चुकीचाच सांगतात. लेखी नोंद समोर आली की भांडणाचा विषय बाजूला पडून पाहण्याचा विषय समोर येतो. चौथा रकाना भरायला त्यांना सर्वांत जड गेला. सुरुवातीला तिथे नुसते "ठीक" असे लिहिलेले असे. काही दिवसांनी शब्द बदलू लागले.

दोन आठवड्यांनी वही वाचली तेव्हा त्यांच्याच अक्षरात काही गोष्टी स्पष्ट दिसत होत्या. मावसभावाबरोबरच्या पहिल्या एक-दोन मॅचपुढे "मजा आली", "खूप हसलो" असे होते. बारा वाजून गेल्यानंतरच्या मॅचपुढे जवळजवळ सगळीकडे "वैताग", "रँक गेली", "उगाच" असे होते. म्हणजे त्यांचा खेळ दोन तुकड्यांचा होता, आणि झोप खाणारा तुकडा हाच बिनआनंदाचाही होता. असे का होते ते गेमच्या रचनेत सापडते. मॅच जिंकली की रँकचे गुण वाढतात, हरली की कमी होतात. रात्र चढत जाते तशी नजर आणि बोटे मंदावतात, त्यामुळे हार वाढते, आणि गेलेले गुण त्याच रात्री परत मिळवून मगच झोपावे असे वाटते. "एक जिंकून झोपतो" या वाक्यात ज्या मॅचची वाट पाहिली जाते, ती दमलेल्या माणसाच्या वाट्याला येण्याची शक्यता प्रत्येक हारीबरोबर कमी होत जाते.

याच्या जोडीला आणखी काही दोर बांधलेले असतात. रोजची मिशन, म्हणजे गेमने नेमून दिलेली छोटी कामे, ठरावीक वेळी नव्याने सुरू होतात आणि रोज हजेरी लावली तर बक्षीस वाढत जाते, त्यामुळे एक दिवस चुकवणे तोट्याचे वाटते. बक्षिसाच्या पेटीतून कधी काय निघेल हे आधी कळत नाही. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांपासून हे माहीत आहे की बक्षीस अनिश्चित अंतराने मिळत असेल तर त्यासाठीची कृती सर्वांत चिवटपणे टिकते, बक्षीस मिळणे बंद झाले तरी बराच काळ टिकते. आणि गेमच्या प्रत्येक सीझनच्या, म्हणजे नव्या बक्षिसांच्या ठरावीक टप्प्याच्या, आरंभी पैसे देऊन एक पास घेता येतो, ज्यातली बक्षिसे पैसे दिल्याने मिळत नाहीत, पैसे दिल्यावर पुरेसे खेळल्याने मिळतात. माझ्या मते प्रौढ माणसाच्या बाबतीत हा पास सर्वांत जास्त बांधून ठेवतो. कष्टाने मिळवलेले पैसे एकदा भरले की खेळ हा विरंगुळा राहत नाही, तो वसूल करायचा व्यवहार होतो, आणि व्यवहार अर्धा सोडणे संसारी माणसाला जमत नाही.

वहीतली तिसरी गोष्ट भावजींना स्वतःला अनपेक्षित होती. सर्वांत लांबलेल्या रात्री व्यापाऱ्याकडे हिशोबाला गेलेल्या किंवा बँकेच्या हप्त्याची तारीख जवळ आलेल्या दिवसांच्या होत्या. आधीचा मोसम वाईट गेला होता, नौकेच्या कर्जाचे हप्ते ओढाताणीने भरले जात होते, आणि तो आकडा घरात फक्त त्यांना माहीत होता. मासेमारीच्या धंद्यात कितीही राबले तरी जाळ्यात काय येईल आणि लिलावात काय भाव मिळेल हे आपल्या हातात नसते. गेममध्ये मात्र घातलेल्या श्रमाचा हिशोब त्याच रात्री पडद्यावर दिसतो. आपले आपण ठरवता येणे, काहीतरी चांगले जमते असे वाटणे आणि आपल्या माणसांबरोबर असणे, या माणसाच्या मूलभूत गरजा आहेत असे मानसशास्त्रातला एक महत्त्वाचा सिद्धांत सांगतो, आणि चांगला गेम या तिन्ही गरजा एका जागी पुरवतो. त्यामुळे गेम हिसकावून घेतला तर या गरजा उघड्या पडतात, आणि चार्जर लपवण्याचा उपाय का फसला तेही यावरून कळते.

बदल करायला घेतला तो बिनआनंदाच्या तुकड्यापासून. "अकराला थांबायचे" असा नियम बहुतेक घरांत केला जातो आणि तो बहुतेक घरांत मोडतो, कारण अकरा वाजता माणूस मॅचच्या मध्यावर असतो. तिथे थांबणे म्हणजे तिघा जोडीदारांना अडचणीत टाकून निघून जाणे, आणि तेवढा वाईटपणा कोणी घेत नाही. म्हणून भावजींचा नियम थांबण्याच्या वेळेचा केला नाही, सुरू करण्याच्या वेळेचा केला: साडेदहानंतर नवीन मॅच सुरू करायची नाही. सुरू असलेली मॅच पूर्ण होऊ द्यायची, मग ती अकराला संपो. मोजमापही मिनिटांऐवजी मॅचमध्ये केले, रात्रीला दोन. हा नियम त्यांनी स्वतः मावसभावाला फोन करून सांगितला, आणि मला त्यात आश्चर्य वाटले नाही की त्याने सुटकेचा श्वास टाकला, कारण तोही सकाळी लोकल पकडून कामाला जाणारा माणूस आहे आणि आधी कोण उठते याची वाट पाहत होता. ती मंडळी त्यानंतर जेवणाआधीच, नऊच्या सुमारास, जमू लागली.

फोनमधल्या साधनांचा उपयोग आहे, पण त्यांची मर्यादा आधीच माहीत असलेली बरी. अँड्रॉइड फोनमध्ये डिजिटल वेलबीइंग या सोयीत ॲपवर रोजची वेळमर्यादा लावता येते. ही मर्यादा मध्यरात्री नव्याने मोजायला लागते. म्हणजे जो माणूस रात्री अकरा ते दोन खेळतो त्याला बाराच्या ठोक्याला पुढच्या दिवसाचा पूर्ण वाटा मिळतो, आणि त्याच्या सर्वांत हानिकारक तासांवर या मर्यादेचा काहीच परिणाम होत नाही. भावजींनी ती दोन महिने लावून ठेवली होती आणि ती उपयोगी का पडत नाही हे त्यांना उमगले नव्हते. शिवाय ज्याने लावली तो ती काढूही शकतो. ज्याचा खरा उपयोग झाला ती गोष्ट अगदी छोटी होती: गेमची सगळी नोटिफिकेशन बंद करणे. दिवसभरात "बक्षीस तयार आहे", "मित्र खेळत आहेत" असे निरोप येणे थांबले आणि दिवसाचा निदान अर्धा भाग गेमच्या आठवणीतून मोकळा झाला, असे ते सांगतात.

फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा असा सल्ला सगळेच देतात आणि तो चांगलाही आहे. आमच्या घरात तो तसाच देता येईना, कारण नौका किनाऱ्याजवळ येऊन रेंजमध्ये आली की रात्री-अपरात्री फोन येतो आणि तो उचलावाच लागतो. म्हणून एक साधा बटणांचा फोन घेतला आणि त्याचा नंबर फक्त नौकेवरच्या माणसांना, बर्फवाल्याला आणि घरच्यांना दिला. तोच उशाशी राहतो, त्याच्यावरच पहाटेचा गजर लागतो, आणि मोठा फोन माजघरातल्या कपाटावर चार्जिंगला असतो. ज्याच्या कामाला रात्रीचा फोन लागतो त्या प्रत्येकाला, मग तो डॉक्टर असो की रिक्षावाला, हा मार्ग मी आता सुचवते, कारण "कामाचा फोन येईल" हे कारण खरे असते आणि त्याच खऱ्या कारणाच्या आडून मोठा फोन हातात राहतो.

जाऊबाईंचा वाटा याहून कठीण होता. त्यांनी पहारा सोडायचा होता. फोन तपासायचा नाही, आठ वर्षांच्या लेकीकडून "बाबा काय करतायत" हे विचारून घ्यायचे नाही, आणि मॅच चालू असताना वाद काढायचा नाही. दोघांनी मिळून एकच वाक्य ठरवले. साडेदहाच्या सुमारास त्या विचारतील, "शेवटची सुरू झाली का?" आणि ते हो किंवा नाही सांगतील. या वाक्यात दोष काढणे नाही आणि परवानगी देणेही नाही. सुरुवातीला हेही त्यांना टोचले, आणि जाऊबाईंनाही गप्प राहणे सोपे गेले नाही. महिनाभराने ते प्रश्नाआधीच सांगू लागले.

कर्जाचा आकडा मोकळा करणे हा भाग गेमशी संबंध नसलेला वाटेल, पण मला तोच या सगळ्याचा गाभा वाटतो. रविवारी सकाळी तिघांनी, म्हणजे दोघे भाऊ आणि जाऊबाई, एकत्र बसून हिशोब पाहायचा असे ठरले. हप्ता कमी झाला नाही, मासळीही वाढली नाही. तरी ज्या दिवशी व्यापाऱ्याकडे जायचे असेल त्या रात्रीचा खेळ वहीत आखडता दिसू लागला, कारण ज्याच्यापासून पळायचे होते ते आता एकट्याचे राहिले नव्हते. समुपदेशनात आम्ही खेळापेक्षा खेळाच्या आधीचा रकाना जास्त वाचतो तो यासाठीच. एखाद्याच्या त्या रकान्यात "एकटाच होतो" असे पुन्हा पुन्हा येते, एखादीच्या रकान्यात "सासरी फोन झाला", आणि प्रत्येकाचा उपाय त्या ओळीतून निघतो.

पखवाजाकडे ते लगेच वळले नाहीत. बोटे जड झाली होती, साथीला दुसरा मुलगा बसू लागला होता, आणि परत जाण्यात संकोच होता. गुरुवारी खेळायचे नाही एवढेच आधी ठरले, आणि काही गुरुवार ते नुसते टाळ घेऊन मागे बसले. मी मुद्दाम हे लिहिते आहे, कारण "छंद जोपासा" असे सांगणाऱ्याच्या मनात पहिल्या दिवसापासून रंगलेली मैफल असते. जुना छंद परत येतो तेव्हा सुरुवातीला तो गेमपेक्षा नीरसच असतो. गेम पहिल्या मिनिटापासून बक्षीस देतो आणि पखवाज कित्येक आठवडे काही देत नाही, ही तुलना माहीत असली की माणूस लवकर निराश होत नाही.

मध्ये घसरणही झाली. वाऱ्याचा इशारा मिळाल्याने नौका बंदरात परतल्या, काम थांबले, आणि लागोपाठ तीन रात्री खेळ दोनपर्यंत गेला. पूर्वी अशा वेळी ते गेम रागाने काढून टाकत आणि मग तो परत घेताना आपण हरलो असे मानून बेबंद खेळत. या वेळी त्यांनी तिन्ही रात्री वहीत लिहिल्या आणि चौथ्या दिवशी तोच साडेदहाचा नियम पुन्हा लावला, जास्त कडक न करता. घसरल्यावर नियम कडक करणे ही शिक्षा असते आणि ती फार दिवस पाळली जात नाही, असा माझा अनुभव आहे. त्याच सुमारास गेमचा नवा सीझन सुरू झाला आणि त्यांनी पास घेतला नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना याचा फार त्रास झाला. नंतर रोजच्या मिशनकडे पाहण्याचे कारणच उरले नाही. आज ते आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी मावसभावाबरोबर खेळतात, आणि येत्या बंदीच्या काळासाठी त्यांनी असे ठरवले आहे की दिवसा हवे तेवढे खेळावे, पण साडेदहाचा नियम जून-जुलैतही तसाच ठेवावा, म्हणजे ऑगस्टमध्ये झोपेची वेळ नव्याने ओढून आणावी लागणार नाही.

प्रत्येकाला इतके घरच्या घरी जमेल असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी वाट पाहू नये. खेळ थांबवला की माणूस दिवसेंदिवस उदास राहत असेल, जेवण-आंघोळ सुटत असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर गेमच्या खाली नैराश्य असण्याची शक्यता मोठी आहे आणि उपचार त्याचा व्हायला हवा. गेममध्ये पैसे लावून पैसे जिंकायचे असतील तर तो प्रश्नच निराळा आहे. जुगाराचा विकार वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नोंदवलेला आहे, आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदाही ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झाला आहे. तिथे हळूहळू कमी करण्याचा मार्ग चालत नाही. तिथे खात्यातून पैसे जाण्याची वाट आधी बंद करावी लागते आणि कर्ज किती झाले ते घरात सांगावे लागते.

बोलायला जवळ कोणी नसेल तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तो निःशुल्क आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत तर तंत्रज्ञानाच्या अशा वापरासाठी २०१४ पासून वेगळा विभाग आहे, पण हर्णैच्या माणसाने आधी तिथवर जाण्याची गरज नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवता येते. जाताना दोन आठवड्यांची ती पाच रकान्यांची नोंद सोबत न्यावी. झोप किती, खेळ कधी सुरू होतो, त्याआधी काय घडते आणि थांबताना कसे वाटते, हेच डॉक्टर पहिल्या भेटीत विचारतात, आणि घाबरलेल्या माणसाला त्यांच्यासमोर ते नीट आठवत नाही.